शिफारसपत्र आणि साडेसहा मिलिग्रॅम

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात आपण ‘चांगली’ असे लिहितो. वर्षाला दोनशे दाखले लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांनी आठवून पाहावे, त्या रकान्यात दुसरा कोणता शब्द शेवटचा कधी लिहिला होता? सर्वांच्याच बाबतीत एकच उत्तर येत असेल तर त्या रकान्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ज्या तापमापकात पारा नेहमी ३७ वरच थांबतो, तो तापमापक कितीही दिमाखदार असला तरी ताप मोजण्याच्या कामाचा नाही.

नोकरीसाठी मागितलेल्या शिफारसपत्राचे बहुधा असेच होते. ते लिहिण्याची वेळ विज्ञानशिक्षकांवर, महाविद्यालयातील प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांवर आणि प्रयोगशाळा पर्यवेक्षकांवर वारंवार येते. म्हणून एक उदाहरण घेऊन ते पत्र कसे तयार होते ते पाहू या. उदाहरणातील माणसे कल्पनेतील आहेत. त्यांचे काम, त्यांचे काटे आणि त्यांच्या चुका मात्र अशा प्रयोगशाळेत नेहमी आढळणाऱ्या आहेत.

समजा, कर्जतमध्ये धान्यतपासणीची एक लहान प्रयोगशाळा आहे. कर्जत आणि खालापूर हा भाताचा मुलूख. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र कर्जतलाच आहे, आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी गावाचे नाव लावणारी भाताची वाणे तिथूनच शेतावर गेली. आपल्या कल्पनेतील प्रयोगशाळा त्या केंद्राची नव्हे. भातगिरण्या, व्यापारी आणि काही शेतकरी गट यांचे नमुने ती तपासते. तिथे तीन वर्षांपासून एक तंत्रज्ञ काम करते. ती खालापूर तालुक्यातील. रोज खोपोलीहून लोकल धरायची आणि लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला उतरायचे. नवी मुंबईतील एका अन्नतपासणी कंपनीत तिने अर्ज केला आहे. एके दिवशी ती पर्यवेक्षकांच्या टेबलापाशी येऊन म्हणते, “सर, कंपनीवाल्यांनी तुमचं पत्र मागितलंय. द्याल ना?”

“देतो की. कधीपर्यंत हवंय?”

“शनिवारपर्यंत.”

सरांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहून टाकले. ते असे होते:

‘या तंत्रज्ञ आमच्याकडे तीन वर्षे कार्यरत असून अत्यंत मेहनती, प्रामाणिक, होतकरू व मनमिळाऊ आहेत. सर्व प्रकारच्या तपासण्यांचे त्यांना उत्तम ज्ञान आहे. घरची परिस्थिती बेताची असूनही त्यांनी जिद्दीने शिक्षण पूर्ण केले. तरी त्यांच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.’

यात एकही शब्द वाईट हेतूने लिहिलेला नाही. पण हे पत्र ज्यांच्या हाती पडणार, त्या कंपनीच्या गुणवत्ता व्यवस्थापकांच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहा. त्यांच्यासमोर चौदा अर्ज आहेत आणि चौदाही उमेदवार मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू आहेत. चौथ्या वाक्यातील सहानुभूती वाचून तर त्यांना उलटीच शंका येते: कामाबद्दल सांगण्यासारखे काही नाही म्हणून घरची परिस्थिती पुढे केली आहे की काय? घरची गरिबी, लग्न, जात, आजारपण या गोष्टी कामाच्या पत्रात येऊच नयेत. त्या उमेदवाराच्या खाजगी आहेत आणि त्यांचा काट्यावरच्या आकड्याशी काही संबंध नाही.

त्या व्यवस्थापकांना पत्रातून काय हवे असते? अन्नतपासणी प्रयोगशाळांना मान्यता मिळते ती आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार. भारतात एनएबीएल ही संस्था ती देते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्यानुसार नमुने तपासण्यासाठी अधिसूचित होणाऱ्या प्रयोगशाळेला अशी मान्यता असावी लागते. या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत माणसांविषयी एक कलम आहे. त्याचा आशय थोडक्यात असा, की निकालावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक कामासाठी कोणती पात्रता लागते हे प्रयोगशाळेने लिहून ठेवावे. त्या कामावरचा माणूस ते करू शकतो याची खात्री करून घ्यावी. त्याला त्या कामाचा अधिकार नेमून द्यावा, पुढेही त्याच्यावर लक्ष ठेवावे. आणि या सर्वांच्या नोंदी ठेवाव्यात. पाहणीला येणारे तज्ज्ञ नेमके एखाद्या तंत्रज्ञाचे नाव घेऊन विचारतात, ‘ही तपासणी या करू शकतात हे तुम्ही कशावरून ठरवले?’

याचा अर्थ, सरांच्या पत्रामुळे कंपनी त्या मुलीला लगेच एकटीने तपासणी करू देईल असे मुळीच नाही. तिथेही तिची परीक्षा होईलच. पण तिला मुलाखतीला बोलवावे का, कोणत्या विभागात ठेवावे, काय शिकवावे लागेल, हे ठरवायला पत्र उपयोगी पडू शकते. मात्र पत्रातील प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळाले पाहिजे. आपण वर्गात विद्यार्थ्याला विचारतो तोच हा प्रश्न. ‘द्रावण आम्लधर्मी आहे.’ ‘कशावरून?’ ‘निळा लिटमस तांबडा झाला.’ इथे लिटमस कोणता?

सरांनी पहिले पत्र बाजूला ठेवले आणि कपाटातून नोंदवह्या काढल्या. त्यांत त्यांना जे सापडले ते समजण्यासाठी आधी तांदळातील ओल कशी मोजतात ते पाहावे लागेल.

ओल मोजण्यामागची कल्पना अगदी सोपी आहे. दळलेला तांदूळ तोलायचा, तापवून त्यातील पाणी घालवायचे आणि पुन्हा तोलायचा. जेवढे वजन घटले तेवढी ओल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनुसार तांदळात वजनाने १६ टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. आणि ती ओल दळलेले धान्य १३० ते १३३ अंश सेल्सिअसला दोन तास तापवून काढायची असते. तापमान आणि वेळ नियमातच दिलेली आहेत, कारण ती बदलली की आकडाही बदलतो.

प्रत्यक्षात असे करतात. झाकण असलेली धातूची एक छोटी डबी कोरडी करून तोलली. ती भरली २४.३१६२ ग्रॅम. त्यात सुमारे पाच ग्रॅम पीठ घातले. वजन झाले २९.३१८५ ग्रॅम, म्हणजे पीठ ५.००२३ ग्रॅम. डबी झाकण काढून ओव्हनमध्ये दोन तास ठेवली. गरम डबी काट्यावर ठेवता येत नाही. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि काटा चुकीचे वजन दाखवतो. म्हणून झाकण लावून ती डेसिकेटरमध्ये निवायला ठेवायची. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचे घट्ट झाकणाचे भांडे. त्याच्या तळाशी सिलिका जेल असते, ते आतली हवा कोरडी राखते. तासाभराने डबी तोलली तर २८.६४३२ ग्रॅम. घट ०.६७५३ ग्रॅम. तिला ५.००२३ ने भागून शंभराने गुणले की ओल १३.५० टक्के.

प्रत्येक नमुना दोन डब्यांत घेतात. दोन्हींच्या उत्तरांत ०.१५ हून जास्त फरक आला तर तपासणी पुन्हा करायची, असा या प्रयोगशाळेचा नियम आहे.

आता वाचकांनी इथे थोडे थांबावे. दोन डब्यांची उत्तरे जुळली, तर उत्तर बरोबर आहे असे म्हणता येईल का? बहुतेक विद्यार्थी हो म्हणतात, आणि बऱ्याच प्रयोगशाळांतील माणसेही मनातून तसेच समजतात. पण दोन्ही डब्या त्याच ओव्हनमध्ये तापल्या, त्याच डेसिकेटरमध्ये निवल्या आणि त्याच काट्यावर तोलल्या. यांपैकी एखादी गोष्ट बिघडलेली असेल तर दोन्ही उत्तरे सारखीच चुकतील आणि एकमेकांशी छान जुळतील. जोडीने फक्त हाताची चूक कळते: सांडलेले पीठ, अर्धवट लागलेले झाकण, चुकीचा वाचलेला आकडा. दोघांनाही एकाच दिशेने ओढणारी चूक जोडीला दिसत नाही.

त्यासाठी ठेवणीतला नमुना असतो. एका पोत्यातील तांदूळ एकत्र दळून, चांगला मिसळून, अनेक लहान घट्ट बाटल्यांत भरून ठेवतात. दर सोमवारी आणि गुरुवारी एक बाटली उघडून तिची ओल इतर नमुन्यांबरोबर काढायची आणि आकडा आलेखावर मांडायचा. उघडलेली बाटली पुन्हा वापरायची नाही, कारण तोवर तिने बाहेरची हवा घेतलेली असते. या प्रयोगशाळेत त्या पिठाची ओल कोरड्या महिन्यांत सरासरी १२.६० टक्के येत होती आणि प्रमाण विचलन ०.०८ होते. त्यावरून आलेखावर दोन रेषा आखल्या होत्या. सरासरीपासून दोन विचलनांवर, म्हणजे १२.४४ आणि १२.७६ वर, सावधानतेची रेषा. तीन विचलनांवर, १२.३६ आणि १२.८४ वर, काम थांबवण्याची रेषा.

वही उघडता उघडता सरांचा हात दुसऱ्या वर्षाच्या जून-जुलैच्या पानांवर थांबला. आकडे असे होते: १२.६१, १२.५८, १२.५७, १२.५४, १२.५२, १२.५०, १२.४७. सातव्या आकड्याखाली तिच्या अक्षरात लिहिले होते, ‘सलग उतरत आहे. काम थांबवले.’

यातील एकही आकडा सावधानतेच्या रेषेबाहेर गेलेला नाही. नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या तंत्रज्ञाने काम पुढे चालू ठेवले असते आणि त्याला कोणी बोल लावला नसता. पण आकडे काही कारण नसताना वरखाली होत असतील तर सात आकडे ओळीने उतरत जाण्याचा योग फारच क्वचित यावा. सात वेगवेगळे आकडे ५०४० प्रकारे मांडता येतात, आणि त्यांपैकी एकाच मांडणीत ते मोठ्याकडून लहानाकडे जातात. (बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रमपर्याय शिकवताना हे उदाहरण देऊन पाहावे.)

पुढच्या पानावर तिने कारण कसे शोधले ते आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या वहीतले हे पान मोलाचे आहे. पाऊस जोरात होता. कर्जत भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. कोणालाही पहिली शंका हीच येईल, की बाटल्यांत दमट हवा शिरली. पण तिने लिहिले आहे: ‘पिठाने ओल घेतली असती तर आकडा वाढला असता. तो कमी होतो आहे. म्हणून बिघाड तापवण्यात किंवा त्यानंतर.’ एवढ्या एका वाक्याने निम्मा शोध संपला. चूक कोणत्या दिशेला आहे यावरून ती कुठे नसणार हे कळते.

आता दोन संशयित उरले. ओव्हन पुरेसा तापत नसेल तर पाणी पूर्ण जात नाही, घट कमी भरते आणि ओल कमी दिसते. डबी निवताना कोरड्या पिठाने पुन्हा ओल शोषली तरीही घट कमी भरते आणि ओल कमी दिसते. वीज कमी दाबाने येण्याचे दिवस असल्याने ओव्हनवर संशय जाणे साहजिक होते. तिने ओव्हनमध्ये डब्यांच्या कप्प्यावर वेगळा तापमापक ठेवला. तो दोन तास १३१ अंश दाखवत राहिला. काट्यावर २० ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवले. ते बरोबर आले. मग तिने एक वाळवलेली डबी नेहमीप्रमाणे निववून तोलली, झाकण किंचित उघडे ठेवून पुन्हा डेसिकेटरमध्ये ठेवली आणि दोन तासांनी परत तोलली. आतली हवा खरोखर कोरडी असेल तर वजन जवळजवळ तेवढेच राहायला हवे. ते वाढले होते.

डेसिकेटरच्या तळाचे जेल उपसल्यावर कारण दिसले. पांढऱ्या जेलमध्ये खुणेसाठी थोडे रंगीत दाणे मिसळलेले असतात. ते कोरडे असताना केशरी आणि ओलावल्यावर हिरवट दिसतात. (आपल्या शाळांतील जुने निळे जेल ओलावले की गुलाबी होते. त्यातील कोबाल्ट क्लोराइड अपायकारक असल्याने आता ते टाळतात.) हे दाणे हलवाहलवीत पांढऱ्या दाण्यांच्या खाली, जाळीदार चकतीच्या आड गेले होते. वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसत होते. जेल तापवून कोरडे केले, झाकणाच्या कडेला नवे ग्रीस लावले, आणि पुढच्या तपासणीत आकडा आला १२.५९.

हा फरक होता तरी किती? १२.६० वरून १२.४७, म्हणजे ०.१३ टक्के. पाच ग्रॅम पिठात ही साडेसहा मिलिग्रॅम होतात. तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा धरला तर दाण्याचा तिसरा हिस्सा. वरच्या गणितातील डबी या डेसिकेटरमध्ये निवली असती तर घट ०.६७५३ ऐवजी ०.६६८८ ग्रॅम भरली असती आणि ओल १३.५० ऐवजी १३.३७ आली असती. त्या नमुन्याला याने काही बिघडले नसते. पण ज्या तांदळाची खरी ओल १६.१० आहे, त्याच्या अहवालात १५.९७ लिहिले गेले असते. एक नियमाबाहेर, दुसरा नियमात. (अशा काठावरच्या आकड्यांना मोजणीतील अनिश्चितताही जोडून पाहावी लागते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आणि ओला तांदूळ पोत्यांत भरून पावसाळ्यात ठेवला की त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

यानंतर तिने केलेले काम सर्वांत कंटाळवाणे होते. जेल नक्की कोणत्या दिवशी निकामी झाले हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून चौथ्या आकड्याच्या दिवसापासून, म्हणजे १२.५४ पासून, पुढे तपासलेले सर्व नमुने तिने संशयित धरले. ते एकोणीस निघाले. त्यांपैकी चौदांचा राखून ठेवलेला हिस्सा शिल्लक होता, ते सगळे तिने पुन्हा तपासले. एकाचा आकडा १५.९७ वरून १६.०९ झाला. जुने आकडे तिने खोडरबराने पुसले नाहीत की पानही फाडले नाही. प्रत्येकावर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख. रेघेखालचा जुना आकडा आजही वाचता येतो. सुधारित अहवाल सरांच्या सहीने गेले. त्या वेळी एक-दोन ग्राहकांची बोलणीही सरांना ऐकावी लागली होती, हे त्यांना आता आठवले.

शुक्रवारी सरांनी पत्र नव्याने लिहिले. अशी पत्रे बहुधा इंग्रजीत जातात. मजकूर कळावा म्हणून ते इथे मराठीत दिले आहे.

‘या तंत्रज्ञांनी माझ्या देखरेखीखाली तीन वर्षे काम केले आहे. पहिले चार महिने मी त्यांच्यासोबत उभा राहून काम पाहिले. त्यानंतर त्या ओल, राख आणि तुटक्या दाण्यांचे प्रमाण या तीन तपासण्या स्वतंत्रपणे करतात. प्रथिनांची तपासणी त्या माझ्याबरोबर करतात, एकट्या नाही.

‘दर महिन्याला मी त्यांना कल्पना न देता एक नमुना दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी, वेगवेगळ्या दिवशी देत असे. गेल्या वर्षीच्या अशा बारा जोड्यांत ओलीच्या दोन उत्तरांमधील मोठ्यात मोठा फरक ०.१७ टक्के होता. आमची मर्यादा ०.२० आहे.

‘त्यांच्या कामाचा एक प्रसंग सांगतो. ठेवणीतील नमुन्याचे आकडे मर्यादेच्या आत असूनही सात वेळा सलग उतरले, हे ध्यानात येताच त्यांनी स्वतःहून काम थांबवले. ओव्हन, काटा आणि डेसिकेटर यांची क्रमाने परीक्षा करून निकामी झालेले सिलिका जेल हे कारण शोधले. मी त्या दिवशी रजेवर होतो. त्यानंतर एकोणीस निकाल त्यांनी स्वतः संशयित ठरवले व शिल्लक हिश्शांची तपासणी पुन्हा केली. या सर्वांची नोंद त्यांच्या अक्षरात वहीत आहे.

‘त्यांनी कीटकनाशकांचे अवशेष, बुरशीची विषे किंवा सूक्ष्मजीव यांच्या तपासण्या केलेल्या नाहीत, क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर काम केलेले नाही. त्याबद्दल मी मत देऊ शकत नाही. कामाचा त्यांचा वेग मध्यम आहे. नमुने जास्त आले की त्या वेळ मागून घेतात, टप्पा गाळत नाहीत.

‘धान्याच्या प्राथमिक तपासण्यांसाठी मी त्यांची निःशंकपणे शिफारस करतो. अधिक माहिती हवी असल्यास दूरध्वनी करावा.’

या पत्रात ‘प्रामाणिक’ हा शब्द कुठेही आलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. त्याऐवजी स्वतःच्याच हातचे एकोणीस निकाल संशयित ठरवल्याची हकीकत आहे.

काही शिक्षकमित्रांना यातला चौथा परिच्छेद खटकेल. आपल्याच मुलीला काय येत नाही ते कशाला सांगायचे? पहिल्या पत्रातील ‘सर्व प्रकारच्या तपासण्यांचे उत्तम ज्ञान’ या वाक्यावर विसंबून कंपनीने तिला अवशेषांच्या विभागात घेतले तर काय होईल ते पाहा. तिथे किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात कीटकनाशक मिसळून त्यातील किती परत मिळते ते दाखवावे लागते. तिने ते कधी केलेले नाही. पहिल्याच आठवड्यात ते उघड होईल, आणि मग तिला खरोखर उत्तम येते त्या कामाबद्दलच्या वाक्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय कंपनीतही धान्याची प्राथमिक तपासणी असतेच, आणि तिथून यंत्रांकडे जाण्याची वाट असते.

वेगाबद्दलच्या वाक्यावर सर बराच वेळ अडले होते. व्यापारी प्रयोगशाळेत वेगाला महत्त्व असते. कायद्याने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल तर अन्न विश्लेषकाला चौदा दिवसांत द्यावा लागतो. ‘वेग मध्यम’ एवढेच लिहिले असते तर तिचे नुकसान झाले असते, आणि ‘वेग उत्तम’ लिहिणे खोटे ठरले असते. शेवटी त्यांनी जे पाहिले होते तेच लिहिले.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम गाळली. पहिल्या वर्षी ती वजने सुट्या चिठ्ठीवर टिपून नंतर वहीत उतरवत असे. हा मोठा दोष आहे, कारण उतरवताना आकडे बदलतात आणि चिठ्ठी हरवली की मूळ नोंदच नाहीशी होते. सरांनी एकदा रागावून सांगितल्यावर तिने ती सवय सोडली, आणि पुढच्या दोन वर्षांच्या वहीत तसे एकही पान नाही. सुटलेला दोष पत्रात आणावा की नाही, यावर दुमत होऊ शकेल. माझ्या मते आणू नये. पत्र हे आज ती कशी काम करते याबद्दलचे असते. हीच सवय अजून टिकून असती तर मात्र ती लिहायलाच हवी होती.

सरांच्या पत्रात एक उणीव आहे, ती आपण दाखवली पाहिजे. बारा जोड्यांचा पुरावा चांगला आहे, पण त्यातून उत्तरे एकमेकांशी जुळतात एवढेच कळते. ती खरी आहेत का, हे कळत नाही. निकामी जेलच्या काळात दोन्ही क्रमांक तपासले असते तर तीही जोडी छान जुळली असती. ज्याची ओल बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे काढलेली आहे, असा नमुना तिला देऊन पाहणे यापेक्षा चांगले झाले असते. अशा तुलनेच्या फेऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना घ्याव्याच लागतात. लहान प्रयोगशाळेलाही शेजारच्या प्रयोगशाळेशी नमुन्यांची अदलाबदल करता येते. सरांनी ती केलेली नव्हती, म्हणून पत्रातही ती आली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी पत्र तिला वाचायला दिले. ते गोपनीय ठेवायचे असा आग्रह काही कंपन्या धरतात. तसा नसेल तर दाखवलेले बरे. तिने दोनदा वाचले. नंतर म्हणाली, “सर, अकरा नंबरच्या जोडीत फरक ०.१७ नाही, ०.१६ होता. ०.१७ नवव्या जोडीत आहे. पण मोठ्यात मोठा ०.१७च, म्हणजे वाक्य बरोबर आहे.”

आठ दिवसांनी कंपनीतून फोन आला. गुणवत्ता व्यवस्थापकांनी तिच्या स्वभावाबद्दल काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “एकोणीस नमुने संशयित म्हणता आणि शिल्लक हिश्शांचीच तपासणी पुन्हा केली म्हणता. ज्यांचा हिस्सा शिल्लक नव्हता, त्यांचं काय केलंत?”

“ते पाच होते,” सर म्हणाले. “त्या ग्राहकांना लेखी कळवलं, की तुमच्या अहवालातली ओल ०.१३ पर्यंत कमी दाखवली गेली असण्याची शक्यता आहे, नवा नमुना पाठवल्यास विनामूल्य तपासून देऊ. दोघांनी पाठवला. तिघांनी पाठवला नाही. त्या तीन निकालांवर वहीत आजही प्रश्नचिन्ह आहे.”

“ते पत्र कुणी लिहिलं होतं?”

“मसुदा तिचा. सही माझी.”